छताचा रंग, रस्त्याचे सिमेंट आणि गावातली रात्र

मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावात दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता हवेचे तापमान मोजले, आणि त्याच वेळी गावाबाहेरच्या शेतातही मोजले, तर अनेकांना अनपेक्षित वाटेल असे चित्र दिसते. दुपारी गाव आणि शिवार यांत फारसा फरक नसतो, कारण कपाशी-तुरीचे पीक निघाल्यावर उघडी पडलेली कोरडी काळी जमीन स्वतःच भयंकर तापलेली असते. कधी तर शेतच गावापेक्षा गरम भरते. खरा फरक सूर्य मावळल्यावर पडतो. शेत भराभर निवते आणि गाव मात्र मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहते. ल्यूक हॉवर्ड या औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या नोंदींतून नेमके हेच दाखवले होते : तिथली रात्र आसपासच्या खेड्यांपेक्षा सुमारे 2 अंश सेल्सिअसने उबदार होती, दिवस मात्र किंचित थंडच होता. ‘नागरी उष्णता बेट’ म्हणतात ते मुख्यतः हे रात्रीचे बेट, आणि सिमेंटचे रस्ते नि स्लॅबची घरे वाढतात तसे ते मोठ्या गावांतही तयार होऊ लागते.

याचे कारण उष्णता साठवण्यात आहे. कोरड्या मातीत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे उष्णता खोल जात नाही. वरचे काही सेंटिमीटर पाय ठेववणार नाही इतके तापतात आणि संध्याकाळी तेवढ्याच लवकर निवतात. सिमेंट काँक्रीट घट्ट असल्याने उष्णता आत ओढून घेते. वीस सेंटिमीटर जाडीचा रस्ता सरासरी दहा अंशांनी तापला, की त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमध्ये सुमारे 40 लाख ज्यूल उष्णता साठते आणि ती रात्री बाहेर पडते. गल्ली अरुंद असेल, दोन्ही बाजूंना भिंती असतील, तर जमिनीला मोकळे आकाश कमी दिसते, म्हणून ती उष्णता आकाशाकडे निसटून जाण्याऐवजी भिंती एकमेकींना परत करत राहतात.

आता छताकडे वळू. समजा, पन्नास चौरस मीटरच्या घरावर जुना, काळवंडलेला स्लॅब आहे. मे महिन्याच्या दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 950 वॅट ऊन पडते. असा स्लॅब त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा परतवतो आणि उरलेले शोषतो. म्हणजे पूर्ण छत सुमारे 38 किलोवॅट उष्णता घेते. त्यावर चुन्याचे दोन-तीन दाट हात दिले, तर सुमारे 70 टक्के ऊन परत जाते आणि छत केवळ 14 किलोवॅटच घेते. वाचलेले 24 किलोवॅट म्हणजे पाणी तापवायच्या दीड हजार वॅटच्या सोळा रॉड भर दुपारी एकदम बंद केल्यासारखे आहे. अर्थात ही सगळी उष्णता घरात उतरत नाही. तिचा बराच भाग छतावरची हवा नेते, काही छत किरणांच्या रूपाने आकाशाकडे टाकते. पण जी उतरते ती उशिराने उतरते. बारा सेंटिमीटरच्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग दीड-दोनला सर्वांत तापतो, तर खालचा त्यानंतर तीन-चार तासांनी, आणि तेव्हापासून छत अंथरुणावर उष्णता सोडत राहते. म्हणून स्लॅबच्या घरात चुन्याचा उपयोग दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त जाणवतो.

टिनाचे गणित वेगळे आहे. नवे कोरे टिन चमकते आणि बरेच ऊन परतवते, तरी ते हात लावू देत नाही. याचे कारण असे, की उघडा धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फार कमी टाकतो. चुना किंवा सिमेंट टाकते त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. मग तापलेल्या टिनाला वारा तेवढा निवारा देतो, आणि वारा पडला की तोही जातो. त्यावर पांढरा रंग दिला की ऊन परतवणे आणि उष्णता टाकणे ही दोन्ही कामे सुधारतात. टिन पातळ असल्याने उष्णता साठवत नाही, म्हणून तिथे फायदा भर दुपारी मिळतो, रात्री जवळजवळ नाही. कवेलूच्या छताला मात्र घाईने रंग देण्याची गरज मला वाटत नाही. फटींतून खेळणारी हवा तिथे बरेच काम आधीच करते.

चुना स्वस्त आहे, पण तो टिकत नाही. धुरळ्याने एका हंगामातच परतवण्याचे प्रमाण 70 वरून 55 टक्क्यांच्या आसपास येऊ शकते आणि आपल्या उदाहरणातल्या छताचे 14 किलोवॅट 21 होतात. मृगाच्या सरींत तो धुपतो, पावसाळ्यात शेवाळ धरते. म्हणून हात द्यायचा तो होळीच्या सुमारास, छत झाडून-धुऊन, आणि दरवर्षी. पावसात धुपण्याचा एक फायदाही आहे : डिसेंबरच्या थंडीत छत पुन्हा काळसर झालेले असते आणि उन्हाची ऊब अडत नाही.

एकाच घराने चुना लावला तर त्या घराची खोली निवते, गल्लीची हवा नाही. हवेवर परिणाम व्हायला वस्तीचे एकूण परावर्तन बदलावे लागते. वस्तीच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांश छतांखाली आहे आणि त्यांतल्या निम्म्या छतांचे परावर्तन 40 टक्क्यांनी वाढले असे धरले, तर पूर्ण वस्तीचे परावर्तन सहा-सात टक्क्यांनीच वाढते. त्याने दुपारची हवा अंशाच्या काही दशांशांनी उतरेल, आणि लहान गावात त्याहूनही कमी, कारण शिवारातला तापलेला वारा गावातून सतत वाहत असतो. त्यामुळे ‘पांढऱ्या छतांनी गाव पाच अंशांनी थंड’ असे कोणी सांगितले, तर ते छताच्या पृष्ठभागाचे किंवा खोलीचे तापमान आहे की हवेचे, हे आधी विचारावे.

मग रस्तेही पांढरे का करू नयेत? अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने 2020 पासून डांबरी रस्त्यांवर फिकट लेप देऊन पाहिला. अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या मोजणीत दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सुमारे 6 अंश सेल्सिअसने थंड भरला, डोक्याच्या उंचीवरची हवा मात्र जेमतेम 0.2 अंशांनी, आणि रस्त्यावर उभ्या माणसाला भर दुपारी होणारा उष्णतेचा मारा उलट 3 अंशांनी वाढला. छत परतवते ते ऊन बहुतांशी आकाशात जाते, रस्ता परतवतो ते माणसाच्या अंगावर आणि समोरच्या भिंतीवर येते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : पांढरे करायचे ते छत. रस्त्याच्या बाबतीत रंगापेक्षा किती जागा सिमेंटने किंवा गट्टूंनी झाकली हे महत्त्वाचे. रस्ता गाडीच्या रुंदीपुरता ठेवून दोन्ही बाजूंना नालीपर्यंत माती मोकळी सोडली, तर तिथे कडुनिंब वाढतो, आणि सावलीतला रस्ता मुळात तापतच नाही. अंगणातल्या सड्याचे गणितही इथेच लागते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता घेते, म्हणजे एका चौरस मीटरवर पडलेल्या भर दुपारच्या पाऊण तासाच्या उन्हाइतकी. मातीत मुरलेले पाणी ही वाफ सावकाश देते. सिमेंटवर टाकलेले बरेचसे नालीत जाते.

आपल्या गल्लीत हे तपासायचे असेल, तर हवेचे तापमान सावलीत, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर घ्यावे. गल्लीत आणि गावाबाहेरच्या उघड्या शेतात, दोन्हीकडे रात्री दहाला, वारा नसताना. छतासाठी लांबून किरणे मोजणारा तापमापक वापरत असाल, तर उघड्या टिनावर तो फार कमी आकडा दाखवतो, कारण टिन किरणेच कमी सोडते. टिनावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा घट्ट लावावा, दहा मिनिटे थांबावे आणि आकडा त्या पट्टीवरचा घ्यावा.