थ्रीडी प्रिंट केलेला भाग कोणत्या दिशेने भक्कम असतो?

आमच्या जालन्याच्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो असा, की हा भाग किती मजबूत होईल. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण फिलामेंट म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर रचून तयार केलेला भाग सर्व दिशांनी सारखा भक्कम नसतो. बांबू उभा सहज चिरला जातो, पण आडवा तोडायला कोयता लागतो. प्रिंट केलेल्या भागाचेही तसेच आहे, आणि तो प्रिंटरच्या बेडवर उभा ठेवून काढला की आडवा, यावर त्याची चीर कोणत्या दिशेने जाईल हे ठरते.

असे का होते, ते आधी पाहू. १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार तापलेल्या नोझलमध्ये वितळते आणि ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर पडून रेघ ओढावी तशी अंथरली जाते. एक थर साधारण ०.२ मिलिमीटर उंचीचा असतो. रेघेच्या लांबीत प्लास्टिक सलग असते, त्यामुळे त्या दिशेने ओढल्यास प्लास्टिकची जवळजवळ पूर्ण ताकद मिळते. दोन थरांच्या मधला सांधा मात्र निराळा असतो. वरचा थर पडतो तेव्हा खालचा बराच निवलेला असतो. गरम रेघेच्या उष्णतेने खालच्या थराचा वरचा पापुद्रा पुन्हा मऊ होतो आणि तेवढ्या अल्प वेळात दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरून गुंततात. ही गुंतागुंत जितकी खोल, तितका सांधा पक्का. पण पापुद्रा लगेचच पुन्हा कडक होतो आणि साखळ्यांचे शिरणे अर्ध्यावर थांबते. शिवाय रेघा कडेला गोल असल्यामुळे दोन थरांमध्ये बाहेरच्या अंगाने बारीक खाचा राहतात आणि चीर तिथूनच सुरू होते. या दोन कारणांमुळे थरांना एकमेकांपासून ओढल्यास साधारण निम्मी ते पाऊण ताकदच मिळते, आणि प्रिंटिंगमध्ये हयगय झाली तर त्याहूनही कमी.

आमच्याच हातून झालेली एक चूक येथे मोकळेपणाने सांगतो. एका शेतकरी ग्राहकाला ट्रॅक्टरच्या मडगार्डला पाण्याचा पाच लिटरचा कॅन अडकवण्यासाठी हूक हवा होता. आकार सरळ काटकोनाचा होता. एक पाटी मडगार्डला बोल्टने कसायची आणि तिच्यातून ६० मिलिमीटर पुढे आलेली, २० मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड दांडी कॅन पेलणार. बोल्टची छिद्रे नीट गोल यावीत म्हणून आम्ही पाटी बेडवर सपाट ठेवली आणि दांडी खांबासारखी वर वाढवत नेली. हूक दिसायला सुबक झाला, आणि चौथ्या दिवशी दांडी मुळाशी तुटून परत आली.

तुटलेली जागा भिंगाखाली पाहिली तेव्हा कारण स्पष्ट झाले. ती जागा सपाट होती, तिच्यावर समांतर रेघा जशाच्या तशा दिसत होत्या आणि प्लास्टिक कुठेही ताणले गेलेले नव्हते. म्हणजे प्लास्टिक तुटले नव्हते, थर उकलले होते. प्लास्टिकच कमी पडते तेव्हा तुटलेली कड खडबडीत, ओरबाडल्यासारखी आणि बहुधा पांढुरकी दिसते. आपल्याकडचा एखादा भाग तुटला तर त्याचे तुकडे टाकून देऊ नयेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे, कारण दुरुस्ती आकारात करायची की दिशेत, हे ती तुटलेली कडच सांगते.

आता हिशेब. पाच किलोचा भार म्हणजे सुमारे ४९ न्यूटन. तो दांडीच्या टोकाला ६० मिलिमीटर अंतरावर लटकतो, म्हणून मुळाशी दांडीच्या वरच्या कडेला ओढणारा ताण सुमारे १४ मेगापास्कल येतो. कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला की हा ताण सहज दुप्पट, म्हणजे २८ होतो. हूक पीईटीजी या प्लास्टिकचा होता. रेघेच्या दिशेने ते साधारण ४५ मेगापास्कलपर्यंत टिकते, पण थरांना एकमेकांपासून ओढल्यास २० ते २५ च्या आसपासच. उभ्या प्रिंटमध्ये हा सगळा ताण नेमका थर उकलण्याच्या दिशेने येत होता, त्यामुळे स्थिर भार पेलणारा हूक धक्क्याने तुटला.

दुसऱ्या वेळी आम्ही हूक कुशीवर निजवला, म्हणजे काटकोनाची पूर्ण आकृती प्रत्येक थरात सपाट उमटेल अशा रीतीने. आता पाटीतून निघालेली रेघ कोपऱ्यावरून वळून न तुटता दांडीच्या टोकापर्यंत जाते आणि भार थरांच्या सांध्यावर न येता रेघेवर येतो. आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो. दांडीची जाडी ८ वरून १२ मिलिमीटर केली. वाकवणाऱ्या भाराचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, त्यामुळे तेवढ्याने धक्क्याचा ताण २८ वरून सुमारे १२ वर आला. आतली भराई वाढवण्याऐवजी बाहेरच्या भिंतींच्या रेघा वाढवल्या, कारण वाकताना सर्वात जास्त ताण बाहेरच्या कडेला असतो आणि मधोमध तो जवळपास शून्य असतो.

निजवून काढल्याने बोल्टची छिद्रे आडवी येतात आणि त्यांचे छत किंचित ओघळते. म्हणून ती थोडी लहान काढून नंतर ड्रिलने साफ करावी लागतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अशा हुकात स्क्रू पिळून बसवू नये. स्क्रू पाचरीसारखा थरांच्या मधोमध शिरतो आणि त्यांना फाकवतो. आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना वॉशर लावावेत.

प्रत्येक भागाला अशी एक योग्य कुशी सापडतेच असे नाही. दोन वेगळ्या दिशांनी भार घेणारा भाग आम्ही दोन तुकड्यांत काढून बोल्टने जोडतो, किंवा थरांच्या आरपार लांब बोल्ट कसतो, जेणेकरून थर कायम दाबलेले राहतील. तेही जमत नसेल, तर तो भाग लोखंडाचा करून घ्यावा असे आम्ही स्पष्ट सांगतो.

दिशा बरोबर असूनही सांधा कच्चा राहू शकतो, आणि आपल्या भागात याची दोन खास कारणे आहेत. उन्हाळ्यात कूलरचा झोत प्रिंटरवर आला की थर जुळण्याआधीच निवतो. एबीएससारखे प्लास्टिक तर अशा वाऱ्यात कडेने चक्क तडकते, म्हणून ते बंद पेटीतच छापावे लागते. त्यात कूलरची हवा दमट असते. दमट झालेली तार नोझलमध्ये तडतडते, रेघेत बुडबुडे राहतात आणि थरांची पकड सुटते, म्हणून पीईटीजीची तार आम्ही आधी सुमारे ६५ अंशांवर काही तास वाळवतो. दुसरे कारण लाइट जाण्याचे. लाइट आल्यावर प्रिंटर थांबलेल्या जागेपासून पुढे चालू होतो खरा, पण तोवर खालचा थर पार थंड झालेला असतो आणि त्याच उंचीवर एक कच्चा सांधा तयार होतो. शोभेच्या वस्तूला ते चालते, भार घेणारा भाग मात्र आम्ही टाकून देऊन नव्याने काढतो.

ऑर्डर देताना भागाच्या चित्रावर बाणाने दाखवावे, की भार कुठे आणि कोणत्या दिशेने येतो, धक्के बसतात का, आणि भाग उन्हात राहणार आहे का. पीएलए हे स्वस्त प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यातल्या उन्हात तापलेला पत्रा तिथवर पोचतो, त्यामुळे अशा जागेसाठी आम्ही ते वापरत नाही.