आयात माल अडकल्यामुळे पुरवठा लांबला तर: फोर्स मेज्योरची नोटीस की कलम 56?

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या पुरवठादारांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "जहाजच अडकलं तं आमी काय करणार साहेब? कायद्यात हाये नं सूट." सूट आहे, पण ती दोन वेगळ्या ठिकाणी आहे. एक तुमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओत, फोर्स मेज्योरच्या कलमात. फोर्स मेज्योर म्हणजे कोणाच्याही हाताबाहेरची आपत्ती. दुसरी भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 56 मध्ये. वकील तिला डॉक्ट्रिन ऑफ फ्रस्ट्रेशन म्हणतात, म्हणजे करार पार पाडणंच अशक्य झाल्यामुळे तो संपुष्टात येणं. पहिली सूट मागावी लागते आणि तीही मुदतीत. दुसरीसाठी ना फॉर्म आहे ना खिडकी. ती कोर्टात किंवा लवादापुढे सिद्ध करावी लागते आणि क्वचितच मिळते.

म्हणून आधी हे ठरवा की तुम्हाला मुदतवाढ हवी आहे की करारातून मोकळीक. मुदतवाढ हवी असेल तर कलम 56 चा काही उपयोग नाही. ते लागू झालं तर करार रद्दबातल ठरतो, आणि मग कलम 65 नुसार त्या करारात मिळालेला लाभ परत करावा लागतो. ऑर्डर टिकवायची असताना नोटिशीत "करार आता अशक्य झाला आहे" असं ठोकून देणं म्हणजे खरेदीदाराच्या हाती आयतं कोलीत देणं. असे मसुदे नेहमी दिसतात, बहुतेक इंटरनेटवरून उतरवलेले.

दोन्हींतला कायदेशीर संबंध सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालात स्पष्ट केला आहे. घटनेची तरतूद करारातच असेल तर ती करारातल्या शब्दांप्रमाणे, म्हणजे अधिनियमाच्या कलम 32 च्या चौकटीत हाताळायची. घटना कराराच्या बाहेरची असेल तरच कलम 56 कडे जायचं. त्या प्रकरणात इंडोनेशियातल्या कायदाबदलामुळे कोळसा महागला होता. महाग पडतं म्हणून करार अशक्य होत नाही, असं न्यायालय म्हणालं. 1960 च्या अलोपी परशाद प्रकरणातही लष्कराला तूप पुरवणाऱ्यांना हेच सांगितलं गेलं होतं. दर वाढल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की हे दोन निकाल पुरतात.

पात्र कोण?

समजा, बुटीबोरीच्या एका लघुउद्योगाला केंद्र सरकारच्या एका उपक्रमाकडून चार कन्व्हेयर ड्राइव्हची ऑर्डर आहे. ऑर्डर ऑक्टोबर 2023 ची, किंमत 48 लाख, माल देण्याची तारीख 31 जानेवारी 2024. विलंब झाल्यास दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का एलडी, म्हणजे उशिरासाठी आधीच ठरवलेली भरपाई, कमाल दहा टक्के. गिअरबॉक्स इटलीतून यायचे आहेत आणि 10 डिसेंबरला जिनोआहून निघालेलं जहाज 2 जानेवारीला न्हावा शेवाला लागायचं आहे. तेवढ्यात लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले वाढतात. 18 डिसेंबरला शिपिंग लाइनचा ईमेल येतो: जहाज आफ्रिकेला वळसा घालून येणार, नवी तारीख 27 जानेवारी.

इथे सर्वांत आधी ऑर्डरची तारीख बघायची. व्यापारी जहाजांवरचे हल्ले नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाले. ऑर्डर ऑक्टोबरची असल्याने "हे माहीत असूनच तुम्ही तारीख दिली होती" असं खरेदीदाराला म्हणता येत नाही. हीच ऑर्डर फेब्रुवारी 2024 मध्ये घेतली असती तर दावा जवळजवळ तिथेच संपला असता, कारण तोवर वळशाची बातमी जगभर झाली होती.

त्यानंतर कलमातल्या घटनांची यादी वाचायची. सरकारी खरेदीतल्या नेहमीच्या कलमात युद्ध, शत्रुत्वाच्या कारवाया, पूर, आग, साथीचे रोग, संप, दैवी आपत्ती असे शब्द असतात. जहाजांवरचे हल्ले शत्रुत्वाच्या कारवायांत बसवता येतात. "वाहतुकीतील अडथळा" असा शब्द बऱ्याच करारांत नसतो, म्हणून नोटिशीत नुसतं "शिपिंग डिले" लिहू नका. मूळ कारण लिहा आणि ते यादीतल्या कोणत्या शब्दात बसतं तेही लिहा.

कलम कोणासाठी आहे हेही तपासायचं. एप्रिल 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे स्टँडर्ड रिटेल प्रकरण आलं. दक्षिण कोरियातून पोलाद घेणाऱ्या भारतीय खरेदीदारांनी लॉकडाउनचं कारण सांगून पैसे थांबवायला मागितले. करारातलं फोर्स मेज्योरचं कलम फक्त विक्रेत्यासाठी होतं, त्यामुळे खरेदीदारांना त्याचा आधार मिळाला नाही. कलम 56 ही चाललं नाही. विक्रेत्याने माल पाठवून आपली बाजू पूर्ण केली होती आणि लॉकडाउन तात्पुरतं होतं.

आणि तुम्ही आधीच उशिरात असाल तर आपत्ती मदतीला येत नाही. 2020 च्या हॅलिबर्टन विरुद्ध वेदांता प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितलं: कंत्राटदाराची चूक कोविडच्या आधीपासूनची होती. आपल्या उदाहरणात उपक्रम विचारेल, गिअरबॉक्सची ऑर्डर इटलीला कधी दिली? ऑक्टोबरच्या पीओवर नोव्हेंबरअखेर ऑर्डर दिली असेल तर गेलेल्या आठवड्यांचा हिशेब तुमच्या खात्यावर लागतो.

नोटीस कधी आणि कशी

बहुतेक दावे इथेच पडतात. समजा, आपल्या पीओत "घटना घडल्यापासून 21 दिवसांत लेखी सूचना" असं लिहिलं आहे. 18 डिसेंबरपासून मोजलं तर 8 जानेवारी ही शेवटची तारीख. पण खरेदीदार म्हणू शकतो की घटना म्हणजे हल्ले, तुमचा ईमेल नव्हे, आणि ते आधीच सुरू झाले होते. म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही, 19 किंवा 20 डिसेंबरलाच नोटीस जायला हवी. माल पोचल्यावर "उशीर का झाला" हे सांगणारं पत्र म्हणजे नोटीस नव्हे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 19 फेब्रुवारी 2020 च्या कार्यालयीन ज्ञापनात, चीन किंवा इतर देशांतली पुरवठा साखळी कोरोनामुळे तुटली तर हे कलम वापरता येईल असं सांगितलं. पण त्याच कागदात असंही आहे की नोटीस घटना घडताच द्यायची, मागाहून दावा चालणार नाही, आणि हे कलम जबाबदारी माफ करत नाही, आपत्तीच्या काळापुरती स्थगित करते.

नोटीस पीओत दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. खरेदी अधिकाऱ्याला व्हॉट्सअॅप केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. मजकूर एवढाच पुरे:

"पीओ क्र. … दि. … च्या फोर्स मेज्योर कलमानुसार ही सूचना. लाल समुद्रातील शत्रुत्वाच्या कारवायांमुळे बिल ऑफ लॅडिंग क्र. … चे जहाज केप ऑफ गुड होप मार्गे वळवल्याचे शिपिंग लाइनने दि. 18-12-2023 रोजी कळवले. त्यामुळे गिअरबॉक्स 25 दिवस उशिरा पोचतील. माल देण्याची तारीख 25-02-2024 पर्यंत एलडीशिवाय वाढवावी. उर्वरित काम सुरू आहे. स्थिती बदलल्यास कळवू."

"उर्वरित काम सुरू आहे" हे वाक्य गाळू नका. नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलं हा प्रश्न येणारच. गिअरबॉक्स येईपर्यंत फ्रेम, पुली आणि मोटर तयार ठेवल्याचे शॉपफ्लोअरचे रोजचे रिपोर्ट असतील तर त्याचं उत्तर कागदावर तयार असतं.

कागदपत्रं

पीओ आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या, इटलीला दिलेली ऑर्डर आणि तिची तारखेसह स्वीकृती, बिल ऑफ लॅडिंग, शिपिंग लाइनचा मार्गबदलाचा ईमेल, न्हावा शेवाची अरायव्हल नोटीस, बिल ऑफ एंट्री, कंटेनर डेपोतून माल बाहेर पडल्याची नोंद, आणि नोटीस पोचल्याची पावती. यांतून तारखांची एक अखंड साखळी दिसायला हवी. कंटेनर 27 जानेवारीला बंदरात लागला आणि कागद अपुरे म्हणून पुढे चार दिवस कस्टममध्ये पडून राहिला, तर ते चार दिवस लाल समुद्राच्या नावावर टाकता येत नाहीत. ईमेल आणि व्हॉट्सअॅप पुढे पुरावा म्हणून द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फोन आणि मेलबॉक्स पुसू नका.

आता हिशेब. माल 26 फेब्रुवारीला पोचला, म्हणजे 26 दिवस उशिरा. मुदतवाढ नसेल तर चार आठवडे धरले जातात आणि एलडी 96,000 रुपये होतो. 25 दिवसांची वाढ मान्य झाली तर उरतो एक दिवस. "आठवडा किंवा त्याचा भाग" या शब्दांमुळे त्याचाही पूर्ण आठवडा धरला जातो, म्हणजे 24,000. मागणी करतानाच जुळणी, चाचणी आणि वाहतुकीचा खरा वेळ धरला असता तर हेही वाचलं असतं.

मुदतवाढीचं पत्र आलं की खुश होण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. अनेकदा तिथे "एलडी वसूल करण्याचा हक्क राखून" असं लिहिलेलं असतं. त्या पत्रावर मुकाट्याने सही केली तर फोर्स मेज्योरचा मुद्दा स्वतःच्या हाताने सोडून दिल्यासारखं होतं. सही करावीच लागली तर "एलडीबाबत हरकत राखून" असं लिहा आणि त्याच दिवशी वेगळं पत्रही पाठवा.

मग कलम 56 कधी?

वरच्या उदाहरणात कधीच नाही. 25 दिवसांच्या उशिराने कराराचा पाया ढासळत नाही. सरकारने नंतर त्या मालाच्या आयातीवर बंदी घातली आणि पीओत फक्त त्याच मेकचा गिअरबॉक्स चालेल असं असेल, तर हे कलम विचारात घेता येईल. पण परवाना मिळवायची जबाबदारी तुम्ही करारात स्वतः घेतली असेल तर तेही अवघड आहे. 1968 च्या नैहाटी ज्यूट मिल्स प्रकरणात आयात परवाना नाकारला गेला, तरी खरेदीदाराची सुटका झाली नाही. आणि सुटका झाली तरी 30 टक्के अॅडव्हान्स घेतला असेल तर 14 लाख 40 हजार परत करायची तयारी ठेवा.

ऑर्डर खरंच सोडायची असेल तर आधी करारातच दार आहे का ते बघा. सरकारी खरेदीतल्या कलमात सहसा असं असतं की अडथळा 90 दिवसांपेक्षा जास्त चालला तर कोणताही पक्ष आर्थिक बोजा न घेता करार संपवू शकतो. कलम 56 सिद्ध करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. मात्र ते 90 दिवस मोजायला सुरुवातीची नोटीस फाइलमध्ये असावी लागते.

दावा नाकारला तर

पीओत लवादाची तरतूद असेल तर तिकडे जावं लागतं. उद्यम नोंदणी कराराच्या आधीची असेल तर कापून घेतलेली रक्कम थकबाकी म्हणून सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे मागता येते. यांपैकी काहीच लागू नसेल आणि वादाची किंमत तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयाचं होतं. तिथे तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फॉर्म 1 आणि 1,000 रुपये शुल्क भरून अर्ज करायचा. मध्यस्थी तीन महिन्यांत संपवायची असते, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात. आपल्या उदाहरणातले 96,000 या मर्यादेच्या खाली आहेत, त्यामुळे तो वाद साध्या दिवाणी न्यायालयात जाईल. कोर्ट फी, वकील आणि तारखा धरल्या तर तेवढ्या रकमेसाठी आधी उपक्रमाच्या वरिष्ठ खरेदी अधिकाऱ्याकडे सगळी कागदं जोडून लेखी फेरविचार अर्ज द्यावा. त्याची पोच घ्यायला विसरू नका.