पोटदुखी, नववी आणि घरातलं चक्र

"शाळेत जात नाही म्हणजे नाटकं. दोन दिवस ओढत नेलं की येईल ताळ्यावर, नाही का?"

ओढाताणीने एखादा दिवस भरतो, भीती तशीच राहते. समजा, भांडुपचा नववीतला मुलगा. सकाळी ६ ला पोट दुखतं, ११ ला थांबतं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघत नाही. दुखणं मात्र खरं असतं. भीतीने पोट दुखतंच. कुटुंबोपचारात आधी चक्र मांडतात: वर्गात हसं झालं, आई घरी ठेवते, सुटल्यासारखं वाटतं, म्हणून उद्याची भीती वाढते. रात्री बाबा ओरडतात, तशी आई आणखी पाठीशी घालते. म्हणून पहिलं काम आईबाबांच्या एकमताचं. घरी राहिला तरी शाळेच्या वेळेत मोबाइल नाही.

मग पायऱ्या. गणवेशात फाटकापर्यंत, तेही बाबांसोबत. पुढे ग्रंथालयात एक तास, मग चित्रकला-पीटी, शेवटी गणित. एखादी सकाळ फसली तर पायरी तीच ठेवायची. आठवडाभर फसली तर पायरीच उंच होती. तिचे दोन तुकडे करा. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगावं: "इतके दिवस कुठे होतास?" नको, अचानक उभं करून वाचायला लावणं नको, आणि शुक्रवारी आईला दोन ओळींचा निरोप. वर्गात छळ होत असेल तर आधी शाळेने तो थांबवायचा. तोवर वर्गाची पायरी चढवू नये.