गंगापूर धरणाचा काठ: एका पिक्सेलपासून वाढणारं पाणी

उन्हाळ्यात नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी ओसरू लागलं की काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. उपग्रहचित्रात पाणी कुठे संपलं हे ठरवताना खरी अडचण या पट्ट्याचीच असते. पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेतं, म्हणून त्या चित्रात ते काळं दिसतं. कोरडी जमीन आणि झाडं उजळ दिसतात, तर उथळ पाणी आणि ओला गाळ काळ्या आणि उजळ यांच्या मधे कुठेतरी येतात.

असा भाग वेगळा काढायची एक जुनी, सोपी रीत म्हणजे प्रदेशवाढ. नक्की पाणीच आहे असा एक पिक्सेल निवडायचा, त्याला बीज म्हणायचं. त्याचे शेजारी तपासायचे, उजळपणा पुरेसा जवळचा असेल त्यांना आत घ्यायचं आणि मग त्यांचे शेजारी तपासायचे. आत येण्यासारखा एकही शेजारी उरला नाही की थांबायचं.

समजण्यासाठी काठाचा पाच बाय पाचचा एक काल्पनिक तुकडा घेऊ. उजळपणा ० ते २५५ या पट्टीवर आहे.

```
२१  २२  २४  ६०  ७२
२०  २२  २५  ५८  ७०
२२  २३  २७  ३४  ६६
२४  २६  ३१  ३६  ४१
२५  २८  ३३  ३९  ४५
```

दुसऱ्या ओळीतला दुसरा पिक्सेल, म्हणजे २२, हे बीज. बीजापासून फरक ६ किंवा त्याहून कमी असेल तरच प्रवेश. शेजारी फक्त वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे मोजू. बीजाच्या वर २२, उजवीकडे २५, खाली २३, डावीकडे २०. फरक ०, ३, १ आणि २, म्हणून चौघेही आत येतात आणि रांगेत लागतात. रांगेतला पुढचा काढून त्याचे शेजारी पाहायचे, असं चालू राहतं. २५ च्या उजवीकडच्या ५८ ला नकार मिळतो. २७ आत येतो, पण त्याच्या खालचा ३१ बीजापासून ९ ने दूर, म्हणून बाहेर. तळाचा २८ बरोबर मर्यादेवर असल्याने आत येतो. शेवटी १३ पिक्सेल हाती लागतात.

आता फक्त एक गोष्ट बदलू. बीजाऐवजी ज्या शेजाऱ्याकडून पिक्सेलपर्यंत पोचलो त्याच्याशी तुलना करू. मर्यादा तीच, ६. २७ वरून ३१ आत येतो, ३१ वरून ३६, ३६ वरून ४१, आणि शेवटी कोपऱ्यातला ४५ सुद्धा. एकूण २० पिक्सेल होतात. प्रत्येक पाऊल लहान आहे, तरी ४५ हा बीजापासून २३ ने दूर आहे. यालाच गळती म्हणतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या निकट-अवरक्त पट्ट्यात एक पिक्सेल १० मीटर बाजूचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. तेव्हा एवढ्याशा तुकड्यात १३०० चौरस मीटरचे २००० झाले. उतरत्या काठावर उजळपणा हळूहळू बदलतो, म्हणून तिथे शेजाऱ्याशी तुलना करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आत आलेल्या सगळ्यांच्या चालू सरासरीशी तुलना करणं हा मधला मार्ग. इथे १३ पिक्सेलांची सरासरी २३.८ येते, ३१ त्यापासून ७.२ ने दूर, म्हणून तोही बाहेरच राहतो. मात्र सरासरी वाटेत सरकत असते. सुरुवातीला नाकारलेला पिक्सेल नंतर बसू शकतो, त्यामुळे मर्यादेच्या अगदी जवळच्या पिक्सेलांचा निकाल तपासण्याच्या क्रमावर अवलंबून राहतो.

प्रोग्रॅम लिहिताना एक चूक फार होते. चित्रातले आकडे बहुधा आठ बिटचे, चिन्हाशिवायचे असतात. त्यात २० मधून २२ वजा केले की उणे २ येत नाही, २५४ येतात. मग बीजापेक्षा काळे पिक्सेल नाकारले जातात. आपल्या तुकड्यात डावीकडचे २० आणि २१ गळून ११ च उरतात. खोल पाण्यात, सगळ्यात काळ्या जागी भोकं दिसली तर आधी हेच तपासावं. वजाबाकीपूर्वी आकडे साध्या पूर्णांकात बदलले की काम होतं:

```python
abs(int(p) - int(seed)) <= 6
```

पाण्यात एखादाच उजळ पिक्सेल सुटला असेल, तर तो लाटेवरची उन्हाची चमक किंवा चित्रातला गोंगाट असू शकतो. वाढ सुरू करण्याआधी तीन बाय तीनचा मध्यक फिल्टर लावला की तो बहुधा जातो.

राहिला मर्यादेच्या आकड्याचा प्रश्न. बीजाशीच तुलना ठेवून मर्यादा एकेकाने वाढवावी आणि दर वेळी पिक्सेल मोजावेत. इथे ६ ते ८ पर्यंत १३ च राहतात. ९ पासून एकेक भर पडत जाते, २३ ला २० होतात आणि ३५ पर्यंत तिथेच थांबतात. ३६ ला ५८ आत शिरतो. म्हणजे इथे टिकणाऱ्या सीमा दोन आहेत: एक गडद पाण्याची, दुसरी कोरड्या जमिनीची. मधले सात पिक्सेल उथळ पाणी की ओला गाळ, हे केवळ या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी त्याच दिवसाचा हिरव्या प्रकाशाचा पट्टा शेजारी ठेवावा लागतो किंवा काठावर जाऊन पाहावं लागतं.