रेम्नंट कोलेस्टेरॉल: वजाबाकीतून आलेल्या आकड्याचा इतिहास

रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढल्याने हृदयविकार होतो का, हा प्रश्न बराच काळ अडून राहिला, त्याचे एक कारण दोन दुर्मीळ आजारांमधील विसंगती हे होते. लिपोप्रोटीन लायपेज हे विकर जन्मतःच निकामी असलेल्या रुग्णांचे ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात जाते आणि त्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, पण त्या मानाने धमन्या फारशा चोंदत नाहीत. याउलट, ज्यांच्या अपोलिपोप्रोटीन-ई या सदोष प्रथिनामुळे यकृताला अर्धवट रिकामे झालेले मेदकण उचलता येत नाहीत, त्यांना ट्रायग्लिसराइड बरेच कमी असूनही हृदयविकार लवकर गाठतो.

१९७९ मध्ये डोनाल्ड झिल्व्हर्स्मिट यांनी मांडलेल्या गृहीतकाने याची संगती लागते. जेवणानंतर आतड्यातून येणारे काइलोमायक्रॉन हे मेदकण धमनीच्या भिंतीत शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात; मात्र लायपेजने त्यांतील ट्रायग्लिसराइड काढून घेतल्यावर उरणारे लहान, कोलेस्टेरॉलने भरलेले अवशेष भिंतीत अडकू शकतात. यकृतातून निघणाऱ्या व्हीएलडीएल या मेदकणांचेही असेच अवशेष होतात. म्हणजे संशय ट्रायग्लिसराइडवरून या अवशेषांतील कोलेस्टेरॉलवर, अर्थात रेम्नंट कोलेस्टेरॉलवर सरकला.

ते मोजायचे कसे, ही अडचण मात्र आजही पुरती सुटलेली नाही. प्रचलित रीत वजाबाकीची आहे: एखाद्या रुग्णाचे एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ३५ आणि एलडीएल ११५ असेल, तर रेम्नंट ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. परंतु हे ११५ बहुधा मोजलेले नसते. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार ते एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेले असते. या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड २५० असल्याने 'रेम्नंट' म्हणून आलेले ५० हा त्याचाच पाचवा भाग आहे, नवी माहिती नव्हे. (अहवालात हे कुणी लिहीत नाही.) एलडीएल थेट मोजल्यावरच त्या वजाबाकीला स्वतंत्र अर्थ येतो.

कारणसंबंधाचा भक्कम पुरावा कोपनहेगनहून आला. बॉर्गे नॉर्डेस्टगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये जनुकीय फरकांच्या आधारे दाखवले की, रेम्नंट कोलेस्टेरॉल सुमारे ३९ मिलिग्रॅमने जास्त असल्यास रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या हृदयविकाराचा धोका साधारण २.८ पट होतो, आणि कमी एचडीएलने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही.

त्यामुळे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'प्रॉमिनंट' चाचणी अनेकांना चक्रावून गेली. टाइप २ मधुमेह असलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील या चाचणीत पेमाफायब्रेट या ट्रायग्लिसराइड घटवणाऱ्या औषधाने रेम्नंट कोलेस्टेरॉल सुमारे एक चतुर्थांशाने घटवले, तरी हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. माझ्या मते त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण त्याच निष्कर्षांत आहे: एलडीएल आणि अपोलिपोप्रोटीन-बी दोन्ही वाढले होते. अवशेष असो वा एलडीएल, प्रत्येक कणावर अपोलिपोप्रोटीन-बी या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणजे अवशेष रक्ताबाहेर न जाता बहुधा एलडीएलमध्ये रूपांतरित झाले, आणि घातक कणांची एकूण संख्या घटलीच नाही.