नक्षी नावावर का उठते?

प्रमाणपत्रावर अक्षरांमागे छापलेली नक्षी जितकी दाट तितकं ते बनावट करायला अवघड, असं अनेकांना वाटतं. बडोद्यात रावपुऱ्यातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात अशा दाट नक्षीच्या गुणपत्रिका पाहा: मूळ कागदावर आडनाव कसंबसं वाचता येतं, प्रतीत तेही नाही. चांगला रंगीत स्कॅनर मात्र ती नक्षी आरामात उतरवतो. खरा वॉटरमार्क छापलेला नसतोच. कागद ओला असतानाच त्याची जाडी जागोजागी कमी-जास्त केलेली असते, म्हणून तो उजेडाकडे धरल्यावर दिसतो आणि अक्षरांच्या आड येत नाही.

छापलेली नक्षी आड येते ती केवळ गडद असते म्हणून नाही. अक्षर ओळखताना आपली दृष्टी सगळे बारकावे सारखेच वापरत नाही. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली यांनी 1994 मध्ये रोमन अक्षरांवर निरनिराळ्या जाडीचा दृश्य गोंगाट, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची विस्कळीत नक्षी, टाकून पाहिलं. सर्वांत जास्त अडथळा झाला तो अक्षराच्या रुंदीत काळं-पांढरं साधारण तीनदा आलटून येईल अशा गोंगाटाचा. त्याहून खूप जाड किंवा खूप बारीक गोंगाट फारसा नडला नाही.

आता आपल्या गुणपत्रिकेवर हा हिशेब लावू. अक्षर अडीच मिलिमीटर रुंद धरलं, तर सुमारे 0.8 मिलिमीटरला एकदा येणारी रेघ सगळ्यांत वाईट. पाच सेंटिमीटरचं फिकट बोधचिन्ह निरुपद्रवी, आणि केसासारख्या रेघांची अगदी दाट जाळी डोळ्याला नुसता रंग म्हणून दिसते. देवनागरीत ठिपक्यांची नक्षी आणखी घातक, कारण ठिपका अनुस्वाराएवढा असला की ‘शिंदे’चा ‘शिदे’ झाला की नाही, हे सांगणं कठीण.

झेरॉक्समध्ये हे आणखी बिघडतं. स्कॅनर काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 255 असे अंक देतो. केवळ काळ्या-पांढऱ्यात प्रत काढताना 128 वर सीमा धरली, तर 120 ची निळी जाळी पूर्ण काळी होते आणि 40 चं अक्षर तिच्यात बुडतं. सीमा 80 वर आणली की जाळी जाते. पण रिबन फिकी पडलेल्या प्रिंटरने भरलेलं 100 चं नावही तिच्याबरोबर जातं.

म्हणून रंगीत स्कॅन करा आणि फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातला फक्त निळा चॅनेल, म्हणजे प्रत्येक जागी निळा प्रकाश किती आहे एवढंच दाखवणारं चित्र, वेगळा पाहा. निळी शाई निळा प्रकाश परतवते, त्यामुळे जाळी कागदाइतकी उजळ होऊन जवळजवळ नाहीशी होते. काळं अक्षर काळंच राहतं. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर वर निळा जिलेटिन कागद ठेवा. नक्षी लाल असेल तर लाल चॅनेल, लाल कागद. नक्षी आणि मजकूर एकाच शाईत छापले असतील तर हा उपाय चालत नाही. आणि निळ्या पेनने केलेली सही, निळा शिक्का हेही जाळीबरोबर पुसट होतात, तेव्हा ही प्रत वाचण्यापुरतीच; अर्जाला मूळ रंगीत स्कॅनच जोडा.