धडक आज, मान धरली उद्या

समजा, कोल्हापुरातल्या कावळा नाक्याच्या सिग्नलला तुमची गाडी उभी आहे आणि मागून एक टेम्पो आदळला. बंपरला पोचा पडला, थोडी बाचाबाची झाली आणि सगळे आपापल्या वाटेला लागले. रात्री काही त्रास नाही. सकाळी मात्र मान वळत नाही, खांदे भरून आलेत. घरचे म्हणतात, उशी चुकली असेल. दोष उशीचा नाही.

मागून धक्का बसला की सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते, पण साडेचार-पाच किलोचं डोकं जडत्वामुळे जागीच राहतं. त्यामुळे सेकंदाच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यात मानेचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो: खालचे मणके मागे वाकतात आणि त्याच वेळी वरचे पुढे. एरवी मान कधीच अशी वाकत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे-छोटे सांधे असतात. त्यांच्यावरचं आवरण या क्षणी ताणलं जातं, कधी चिमटतं. स्नायू आवळून मानेला आधार देईपर्यंत हे सगळं घडून गेलेलं असतं. म्हणून हेडरेस्ट डोक्याच्या माथ्याइतकं उंच आणि डोक्याच्या अगदी जवळ हवं. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ते तळाशी बसवलेलं दिसतं, तिथे ते डोक्याला अडवतच नाही.

ताणलेल्या जागी सूज हळूहळू चढते, म्हणून दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही, कारण इजा हाडाला नसून मऊ भागाला असते. तरी दुखणं खरंच असतं.

मानेला पट्टा लावून आठवडाभर पडून राहिलं तर मान आणखी आखडते. डॉक्टरांनी हाड ठीक असल्याचं सांगितलं की दिवसातून चार-पाच वेळा, सोसेल तितकी मान सावकाश डावी-उजवीकडे वळवा, खांदे फिरवा, नेहमीची कामं करत राहा. गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून वेदनाशामक घ्या. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, काहींचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. तालमीतल्या मालिशवाल्याकडून किंवा हाडवैद्याकडून मान ‘कडकन’ बसवून घेऊ नका. झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. मान जागेवरून सरकलेली नसतेच, बसवायचं काय?

मात्र हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, चालताना तोल जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, मानेच्या मधोमध हाडावर दाबताच कळ येणं, मान दोन्हीकडे अर्धीही न वळणं, यातलं काहीही असेल तर लगेच तपासणी हवी. पासष्टीच्या पुढच्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी धक्का किरकोळ वाटला तरी दाखवून घ्यावं. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं हेही तसंच. रक्तवाहिनीची इजा काही दिवसांनीसुद्धा अशी उघडी पडते. अशा माणसाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. त्याची मान हलू न देता १०८ला फोन करा आणि कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.